रद्द करणं रद्द करा

मी बटणं लिहितो. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "मुलगा काय करतो?" बाबांनी हे उत्तर दिल्यावर सासरच्या मंडळींनी पहिल्यांदा माझ्या शर्टाकडे पाहिलं होतं. अ‍ॅपवर, वेबसाइटवर जी बटणं असतात त्यांच्यावरचे दोन-तीन शब्द लिहायचं हे काम आहे, आणि त्याचा पगारही मिळतो, हे त्यांना पटायला साखरपुड्यापर्यंतचा वेळ लागला. पूर्णपणे पटलेलं अजूनही नाही. "दोन शब्दांना महिनाभर?" असं ते दर दिवाळीला विचारतात.

या दोन शब्दांनी माझ्या आत्याला ८४० रुपयांना कसं बुडवलं, त्याची ही हकिकत.

आत्याला पुण्याहून रत्नागिरीला जायचं होतं. तिने खासगी बसचं रात्रीचं तिकीट स्वतःच फोनवरून काढलं, त्याचा स्क्रीनशॉट कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि सतरा अंगठे मिळवले. दुसऱ्या दिवशी तिचा गुडघा धरला आणि जाणं रद्द झालं. म्हणजे आत्याच्या मनातून रद्द झालं. तिने फोन उघडला, तिकीट शोधलं, त्याच्याखालचं "रद्द करा" दाबलं. मग एक चौकोन उघडला. त्यात प्रश्न होता, "तुम्हाला खात्री आहे का?" आणि खाली दोन बटणं: "रद्द करा" आणि "ठीक आहे".

आता तुम्हीच सांगा, तिकीट रद्द करायला आलेली बाई यातलं कुठलं दाबेल?

आत्याने "रद्द करा" दाबलं. चौकोन गेला, तिकीट जागच्या जागी. तिला वाटलं, नेट गेलं असेल. पुन्हा दाबलं. पुन्हा चौकोन, पुन्हा "रद्द करा", पुन्हा तिकीट तिथेच. तिसऱ्या वेळी तिने म्हणे देवाचं नाव घेऊन दाबलं. मग, मशीनला वेळ लागत असेल, उद्यापर्यंत होईल, असं म्हणून फोन उशीखाली ठेवून झोपली. रात्री पावणेअकराला स्वारगेटहून फोन आला. "आजी, कुठं आहात? गाडी सुटतीय."

"अहो, मी तीनदा रद्द केलंय!"

"आजी, माझ्याकडं सीट तुमच्याच नावावर आहे."

तिने जे रद्द केलं होतं ते तिकीट नव्हतं. तिने तिकीट रद्द करणं रद्द केलं होतं. तीन वेळा. त्या चौकोनातलं "रद्द करा" म्हणजे "राहू दे, मागे जा". खरं रद्द होणार होतं ते "ठीक आहे" दाबल्यावर. आत्याचं म्हणणं असं की, काहीच ठीक नसताना मी ते कशाला दाबू?

यात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं ते वेगळ्याच कारणाने. ती बटणं माझीच होती.

झालं असं होतं की, मला ही साइट कधी दिसलीच नव्हती. मला आली होती एक एक्सेल शीट. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजवा रकाना रिकामा, आणि "उद्या सकाळी हवंय". शब्द कुठे दिसणार, त्याच्या आजूबाजूला काय असणार, याचा पत्ता नाही. अशा शीटवर माणसाच्या हातून काय होत नाही? Book समोर "पुस्तक" लिहिलेलं मी पाहिलंय. Back ला "पाठ". एका साइटवर Save चं "वाचवा" झालं होतं आणि फॉर्म भरणारा माणूस प्रत्येक पानाच्या तळाशी किंचाळल्यासारखा वाटायचा. मी त्या मानाने सावध होतो. मी Cancel समोर शहाण्यासारखं "रद्द करा" लिहिलं. शब्द बरोबरच होता. मात्र शीटमध्ये तो एकदाच आला होता आणि साइटवर दोन ठिकाणी वापरला गेला. प्रोग्रॅमरकडच्या फाइलमध्ये तो असा होता:

```
"btn_cancel": "रद्द करा"
"btn_ok": "ठीक आहे"
```

तिकिटाखाली `btn_cancel`, चौकोनातही `btn_cancel`. एक ओळ, दोन परस्परविरोधी कामं. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने ही काटकसर, आणि आईच्या दृष्टीने उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा जसा योग्य, तशीच ती योग्यही. पण चौकोनातल्या "ठीक आहे"ला स्वतःचा अर्थच नसतो. वरच्या प्रश्नावर तो टेकून उभा असतो, आणि वरचा प्रश्न कोणी वाचत नाही. लोक बटणं वाचतात, तीही घाईत.

"ठीक आहे"चे पूर्वज फार जुने आहेत. १९८१च्या सुमारास ॲपलमध्ये लिसा नावाच्या संगणकाची चाचणी चालली होती. तिथे या बटणावर Do It लिहिलं होतं, म्हणजे "कर". लोक ते सोडून Cancel दाबत होते. एक जण तर वैतागलाच. मी काही dolt नाही, हे यंत्र मला तसं का म्हणतंय? दोन शब्दांमधली फट बारीक असल्यामुळे तो Do It चं Dolt, म्हणजे "मठ्ठ", असं वाचत होता. मग त्याजागी OK आलं. माणसाला मठ्ठ म्हणणं थांबलं. पण पुढे काय होणार ते सांगणंही थांबलं, असं माझं मत.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो आणि चौकोन नव्याने लिहायला घेतला. आधी प्रश्न. "तुम्हाला खात्री आहे का?" हा प्रश्न वधूपित्याने विचारावा, बसवाल्याने नाही. त्याजागी लिहिलं, "पुणे–रत्नागिरी तिकीट रद्द करायचं? ८४० पैकी ६३० रुपये परत मिळतील." पाव भाग कापला जाणार हे रद्द केल्यावर नव्हे, आधीच कळायला हवं. मग बटणं: "तिकीट रद्द करा" आणि "तिकीट रद्द करू नका". आता चुकायला जागाच नाही, असं वाटून मी चहाला गेलो.

परत आलो तर प्रोग्रॅमरने फोन पुढे केला. त्याच्या छोट्या फोनवर दोन बटणं शेजारी शेजारी अशी दिसत होती: "तिकीट रद्द क…" आणि "तिकीट रद्द क…".

इथे मराठी घात करते. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, त्यामुळे शेपूट कापलं तरी डोकं राहतं. आपल्याकडे सगळं मोठेपण शेवटी. करा, करू नका, ठेवा, मोडा, हे सगळं वाक्याच्या टोकाला. बटण अरुंद असलं की ते नेमकं तेच खातं. म्हणून दोन बटणांत फरक पहिल्या किंवा दुसऱ्या शब्दातच दिसला पाहिजे. नकाराचं काम "नका"वर सोपवायचं नाही, त्याला वेगळं क्रियापद द्यायचं. आणि बटणं शेजारी मावत नसतील तर एकाखाली एक ठेवायची. शेवटी फाइलमध्ये हे गेलं:

```
"ticket_cancel_yes": "रद्द करा, ₹६३० परत"
"ticket_cancel_no": "तिकीट ठेवा"
```

(रक्कम अर्थातच दर तिकिटाला बदलते, तिथे प्रोग्रॅमरने स्वतःचा जादूचा कंस घातला आहे.) डिझायनरने मग बटणाची उंची कमी केली आणि पैसे भरायच्या पानावरच्या "पूर्ण करा"चा रफार कापला गेला. दोन दिवस साइटवर "पूण करा" होतं. पुण्याबाहेरच्यांनी त्याचा काय अर्थ काढला असेल देव जाणे.

पण ते "पूर्ण करा"सुद्धा मला डाचत होतं. काय पूर्ण करा? नाव-गाव भरणं, की पैसे देणं? आमच्या मालकांना ते आवडत होतं, कारण "पैसे भरा" लिहिलं की लोक बिचकतात असा त्यांचा अनुभव. मी त्यांना जर्मनीतली गोष्ट सांगितली. युरोपात कायदाच आहे की, ज्या बटणाने पैसे द्यायची जबाबदारी येते, त्याच्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. एका माणसाने ऑनलाइन हॉटेलच्या चार खोल्या ठरवल्या. शेवटच्या बटणावर लिहिलं होतं, Buchung abschließen, म्हणजे "बुकिंग पूर्ण करा". तो गेलाच नाही. हॉटेलने २,२४० युरो मागितले. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि २०२२ साली न्यायालयाने सांगितलं की, ग्राहकाला पैसे द्यावे लागणार हे कळतंय का, हे ठरवताना फक्त बटणावरचे शब्द बघायचे. पानावर आजूबाजूला काय लिहिलंय ते धरायचं नाही. ते दोन शब्द पुरेसे होते का, हे ठरवायचं काम जर्मन न्यायालयाकडे परत गेलं.

"आपण जर्मनीत बस चालवतो का?" मालक म्हणाले.

"नाही. पण आत्या सगळीकडे असतात."

हे वाक्य माझ्या अपेक्षेपेक्षा बरं लागू पडलं. बटण झालं, "८४० रुपये भरा". त्याच्या खाली बारीक अक्षरात, "तुमचं यूपीआय अ‍ॅप उघडेल". कारण ते अचानक उघडलं की निम्मे लोक घाबरून मागे जातात आणि पैसे गेले की राहिले या चिंतेत आम्हाला फोन करतात. मधल्या पानावरचं "पुढे जा" मी "सीट निवडा" केलं. पुढे म्हणजे कुठे, हे बसच्या साइटने तरी सांगायला हवं.

मग फोन घेऊन आत्याकडे गेलो. परीक्षा साधी असते. तळहाताने सगळी स्क्रीन झाकायची, फक्त बटण उघडं ठेवायचं आणि विचारायचं, "हे दाबल्यावर काय होईल?" माणसाचं उत्तर आणि खरी घटना जुळली तर बटण पास. "आवडलं का?" हे विचारायचं नाही, घरचे लोक आवडलं म्हणतातच.

"८४० रुपये भरा," आत्याने वाचलं. "हे दाबलं की माझे पैसे जातील."

पास.

"तिकीट ठेवा." ती थांबली. "कुठे ठेवू? पर्समध्ये?"

मी हात काढला. वरचा प्रश्न दिसल्यावर तिला कळलं, पण माझ्या कसोटीने ते नापासच. "ठेवा" हे कोण कोणाला सांगतंय? बटण मला, की मी बटणाला? आपल्या "करा-ठेवा"त ही गोम कायमची आहे. "रद्द करा" मी यंत्राला सांगते हे आत्याला लगेच कळतं, पण "ठेवा" म्हटलं की तिला वाटतं यंत्रच तिला काम सांगतंय. बराच वेळ आम्ही दोघं चहा पीत शब्द लावून पाहत होतो. शेवटी तिनेच सुचवलं, "'नको, मी जाणार आहे' असं लिही ना." मी "नको, मी जाणार" एवढं ठेवलं. छोट्या फोनवरही मावतं आणि पहिलाच शब्द वेगळा आहे. साइटवर आज तेच आहे. मालकांना वाटतं ते मी लिहिलं.

परवा आत्याचा मेसेज आला. "रविवारी जेवायला ये." मी सवयीने उत्तर टाकलं, "ठीक आहे."

मिनिटभरात फोन. "ठीक आहे म्हणजे काय? येतोयस, की नुसतं वाचलंस?"

मी मेसेज पुसून नवा लिहिला. "रविवारी साडेबाराला दोघं येतो, पुरणपोळी खाणार."

त्यावर तिचा अंगठा आला.