नव्वद सेकंदांत पाहुण्यांची ओळख

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांचा परिचय माझ्याकडे होता. पाहुण्या कन्नडमधून मराठीत अनुवाद करणाऱ्या. बायोडाटा चार पानांचा आणि वेळ नव्वद सेकंद. माझ्या बोलण्याच्या गतीने त्यात जेमतेम दीडशे शब्द बसतात.

लिहिलेला परिचय मी आदल्या दिवशी बाईंना फोनवर वाचून दाखवला. निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं तसंच मीही 'साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त' म्हटलं. त्यांनी तिथेच थांबवलं. "अहो, मला अनुवादाचा पुरस्कार आहे. तो वेगळा." वेगळाच आहे. मूळ पुरस्कार १९५५ पासून दिला जातो, अनुवादाचा १९८९ मध्ये सुरू झाला, आणि दोन्ही एका विशिष्ट पुस्तकासाठी मिळतात. म्हणून पुरस्काराचं पूर्ण नाव, पुस्तक आणि वर्ष, तिन्ही सांगायला हवीत. सभागृहातल्या कुणाला फरक कळला नाही तरी तो पाहुण्यांना कळतो, आणि भाषणाची सुरुवात दुरुस्तीने करायची की गप्प बसायचं, असा पेच आपण त्यांच्यापुढे टाकतो.

पद्म पुरस्कारांचंही तेच. १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की ही पदवी नाही, ती नावाला जोडायची नाही. तरी 'पद्मश्री अमुक अमुक' व्यासपीठावरून सर्रास ऐकू येतं. 'पद्मश्रीने सन्मानित' म्हणायला कितीसा वेळ लागतो?

त्याच फोनवर मी विचारलं, "अनुवादात सगळ्यात जास्त कुठे अडलात?" त्या म्हणाल्या, चुलीला जोडून असलेल्या धाकट्या चुलीला मराठीत काय म्हणतात, ते आठवेना. शब्दकोशातून काढता आला असता, पण त्यांना तो कुणाच्या तरी तोंडून ऐकायचा होता. अक्कलकोटकडच्या एका गावात, कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या आजींच्या स्वयंपाकघरात त्या दुपारभर बसल्या. भाकरी थापता थापता आजी सहज म्हणाल्या, "आमटी वैलावर सरकव गं."

हे ऐकल्यावर मी परिचय नव्याने लिहिला. 'सूर्यापुढे काजवा' गेलं, 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व' गेलं, सदस्य असलेल्या सात समित्या गेल्या. सुरुवात अशी केली: "एका शब्दासाठी दुपारभर परक्या स्वयंपाकघरात बसून राहिलेल्या बाई आज आपल्याकडे आल्या आहेत." मग त्या गावाची गोष्ट, पण शब्द न सांगता. तो त्यांचा होता, त्यांनीच सांगावा. पुढे पुस्तक, पुरस्कार, वर्ष. आज त्या कशावर बोलणार, ते एका वाक्यात. नाव अगदी शेवटी, म्हणजे टाळ्या नावावर पडतात आणि पाहुणे त्या टाळ्यांतच उठतात. आडनावाचा उच्चार फोनवरच विचारून घेतला होता.

घरी दोनदा मोठ्याने वाचून घड्याळ लावलं होतं. पहिल्यांदा एकशे दहा सेकंद लागले, मग माझी दोन आवडती वाक्यं काढली.

बाई माईकपाशी आल्या. आभार वगैरे नंतर. आधी म्हणाल्या, "तो शब्द वैल."