सबस्टिट्यूशन थिअरम: जागा घेतलेला सोर्स कुठवर खरा असतो

«सबस्टिट्यूशन थिअरम म्हणजे थेवेनिनचाच लहान भाऊ. ब्रांचचं व्होल्टेज किंवा करंट काढा, तेवढ्याचा सोर्स तिथे लावा, दोन्हींपैकी कोणताही चालतो. मग बाकीचं सर्किट कसंही बदललं तरी फरक पडत नाही. सर्किट लिनियर हवं, एवढीच अट. तसा उपयोग शून्य, कारण उत्तर आधीच माहीत लागतं. आणि लॅबमध्ये लावून बघा, जुळतच नाही.»

परीक्षेच्या दिवसांत हा मजकूर दरवर्षी नव्याने फिरतो. त्यातलं एक वाक्य बरोबर आहे, आणि त्याच्या आडोशाने बाकीची चुकीची वाक्यं खपून जातात. म्हणून आधी बरोबर भाग आकड्यांनी तपासू, म्हणजे पुढे बोलायला सगळ्यांसमोर एकच सर्किट असेल.

२४ व्होल्टचा सोर्स, त्यातून ४ ओहम घेऊन A नोडवर या. A पासून ग्राउंडला १२ ओहम. A पासून ३ ओहममधून B नोडवर, आणि B पासून ग्राउंडला आणखी ३ ओहम. उजवीकडचे ३ आणि ३ मिळून ६ ओहम, त्याला १२ समांतर म्हणजे ४, त्यात सुरुवातीचे ४ मिळवले की ८ ओहम. सोर्समधून ३ अँपिअर निघतात, A वर १२ व्होल्ट राहतात, १२ ओहममधून १ अँपिअर जातो आणि उजवीकडे २. B वर ६ व्होल्ट.

आता B खालचा ३ ओहम काढून टाका. त्याच्या जागी ६ व्होल्टचा सोर्स लावा, प्लस टोक B ला. A वरचं समीकरण असं होतं: (२४ − VA)/४ = VA/१२ + (VA − ६)/३. सोडवलं की VA = १२. व्होल्टेज सोर्सऐवजी B मधून २ अँपिअर खाली ओढणारा करंट सोर्स लावा: (२४ − VA)/४ = VA/१२ + २, पुन्हा १२. तिसरा पर्यायही करून बघा, १ ओहम आणि त्याच्या सिरीजमध्ये ४ व्होल्ट. २ अँपिअरला १ ओहमवर २ व्होल्ट पडतात, ४ मिळवले की ६. A वर तरीही १२ च. तिन्ही वेळा बाकीचे करंट ३, १ आणि २. पहिल्या दोन पर्यायांसाठी सिम्युलेटरच्या नेटलिस्टमध्ये एकच ओळ बदलते:

```
* substitution check
V1 in 0 24
R1 in A 4
R2 A 0 12
R3 A B 3
R4 B 0 3
* R4 chya jagi:  VX B 0 6
* kinva:         IX B 0 2
.op
.end
```

करंट सोर्सची दिशा मात्र जपा. `IX 0 B 2` असं उलट लिहिलं तर A वर २४ व्होल्ट येतात आणि मुख्य सोर्समधून शून्य करंट दिसतो. असं दिसलं की थिअरमला दोष देण्याआधी त्या ओळीतले नोड पाहावेत.

हे जमतं ते कशामुळे? किरचॉफचा करंटचा नियम फक्त ब्रांचमधून किती करंट जातो हे विचारतो, व्होल्टेजचा नियम फक्त तिच्या दोन टोकांत किती व्होल्ट आहेत हे. ब्रांचच्या पोटात काय आहे, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. म्हणून जुन्या सर्किटचे सगळे आकडे नव्या सर्किटच्या समीकरणांतही जसेच्या तसे बसतात. नव्या सर्किटला एकच उत्तर असेल, तर ते हेच. सगळी सिद्धता एवढीच, आणि तिच्यातला ‘एकच उत्तर असेल तर’ हा तुकडा पुढे महागात पडणार आहे.

आता ‘कसंही बदललं तरी’ या शब्दांकडे वळू, कारण सर्वांत जास्त नुकसान तेच करतात. मुख्य सोर्स २४ वरून ३६ व्होल्ट करा. मूळ सर्किट लिनियर आहे, सगळं दीडपट होतं: A वर १८ व्होल्ट, उजवीकडे ३ अँपिअर. पण ६ व्होल्टचा सोर्स बसवलेल्या सर्किटमध्ये A वर १६.५ व्होल्ट येतात आणि उजवीकडे ३.५ अँपिअर. करंट सोर्सवाल्यात A २१ व्होल्टवर जातो आणि उजवीकडे तेच जुने २ अँपिअर चिकटून राहतात. थोड्या वेळापूर्वी एकमेकांशी तंतोतंत जुळणारी सर्किटं एक आकडा हलवताच तीन दिशांना गेली. जागा घेतलेला सोर्स त्या रेझिस्टरला ओळखत नाही, त्याला त्याचा त्या क्षणीचा एक बिंदू तेवढा माहीत असतो. बाहेर काही हललं की तो बिंदू नव्याने काढावा लागतो.

थेवेनिनशी नातं लावणंही इथेच फसतं. थेवेनिनने काढलेले १८ व्होल्ट आणि ६ ओहम हे B च्या डावीकडच्या सगळ्या सर्किटचं रूप आहे, आणि लोड काहीही लावा, ते खरंच राहतं, कारण त्यात त्या सर्किटची सबंध व्ही-आय रेषा आहे. सबस्टिट्यूशनच्या ६ व्होल्टमध्ये त्या रेषेवरचा एक ठिपका आहे. डीसीत एक आकडा, एसीत एका फ्रीक्वेन्सीचा एक फेजर, आणि बदलत्या सिग्नलला पूर्ण वेव्हफॉर्म. वेव्हफॉर्म बदलली की सोर्सही बदलला पाहिजे.

लिनियर असण्याची अट तर या थिअरमला कधी नव्हतीच. ती सुपरपोझिशनची अट आहे आणि इथे नकळत येऊन बसली आहे. वर सिद्धता दिली, तिच्यात रेझिस्टरचा नियम कुठे वापरला का? नाही. तरी आकड्यांनी पाहू. B खाली ३ ओहमऐवजी असा घटक लावा, ज्याचा करंट व्होल्टेजच्या वर्गाला १८ ने भागून मिळतो, आणि उलट दिशेला तो करंट जाऊ देत नाही. डावीकडून १८ व्होल्ट आणि ६ ओहम दिसतात, म्हणून (१८ − v)/६ = v²/१८. सोडवलं की v = ६ किंवा −९, आणि उलट दिशा बंद असल्यामुळे उरतो ६. करंट ३६/१८, म्हणजे २ अँपिअर. म्हणजे त्याच ६ व्होल्टच्या सोर्सने एका सर्किटमध्ये सरळ रेझिस्टरची जागा घेतली, दुसऱ्यात वक्र घटकाची, आणि दोन्हीकडे बाकीचे करंट हलले नाहीत. मुख्य सोर्स ३६ केला की हा घटक ७.६२ व्होल्टवर जाऊन सुमारे ३.२३ अँपिअर घेतो, रेझिस्टर ३ घेत होता, सोर्स ३.५. फरक दिसायला बाहेरून धक्का द्यावाच लागतो.

‘दोन्हींपैकी कोणताही’ हे आमच्या साध्या सर्किटपुरतं खरं, एरवी नाही. लिओ इसाकींनी १९५७ मध्ये शोधलेला टनेल डायोड घ्या. त्याचा करंट आधी वाढतो, मग व्होल्टेज वाढत असताना घटतो, आणि पुन्हा वाढतो. समजा शिखरावर ५ मिलिअँपिअर आणि दरीत अर्धा मिलिअँपिअर. त्याला बॅटरी आणि पुरेसा लहान रेझिस्टर अशा ब्रांचने मधल्या उतारावर, २ मिलिअँपिअरवर आणलं आहे. रेझिस्टर त्या उताराच्या निगेटिव्ह रेझिस्टन्सपेक्षा लहान असेल तर डायोडला तिथे एकच जागा मिळते. आता बॅटरी-रेझिस्टरची ब्रांच काढून २ मिलिअँपिअरचा करंट सोर्स लावा. २ मिलिअँपिअरची आडवी रेषा त्या वक्राला तीन ठिकाणी छेदते. जुनं उत्तर अजूनही समीकरणात बसतं, पण सोबत आणखी दोन उत्तरं आहेत, आणि प्रत्यक्षात डायोड मधल्या बिंदूवर थांबत नाही, कडेच्या एखाद्या बिंदूवर उडी मारतो. तिथे व्होल्टेज सोर्सच लावायला हवा, कारण दिलेल्या व्होल्टेजला करंट एकच आहे.

याची साधी आवृत्ती रोजची आहे. आदर्श व्होल्टेज सोर्सला थेट समांतर असलेली ब्रांच व्होल्टेज सोर्सने बदलली, की दोन सोर्स आमनेसामने येतात आणि कोण किती करंट देतो ते ठरत नाही. सिम्युलेटर सिंग्युलर मॅट्रिक्सची तक्रार करतो. तिथे करंट सोर्स लावा. ट्रान्सफॉर्मरचं एकच वाइंडिंग उपटून बदलण्याचाही मोह आवरा: दुसऱ्या वाइंडिंगशी असलेलं त्याचं चुंबकीय नातं सोर्ससोबत येत नाही.

लॅबमध्ये न जुळण्याची तक्रार मी मनापासून समजू शकतो, कारण प्रॅक्टिकलला ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. आम्ही हेच सर्किट किलोओहममध्ये बांधलं, म्हणजे करंट मिलिअँपिअरमध्ये येतात. ४ किलो मिळत नाही, म्हणून २ किलोचे दोन सिरीजमध्ये. मुलांनी ३ किलो काढून तिथे ६ व्होल्टला लावलेला बेंच पॉवर सप्लाय जोडला आणि मीटरवर ६ ऐवजी जवळजवळ १८ व्होल्ट आले. आकडाच सांगतो काय झालं ते: १८ म्हणजे B उघडा सोडल्यावरचं व्होल्टेज. आपल्या सोर्समध्ये २ मिलिअँपिअर प्लस टोकातून आत शिरतात, म्हणजे त्याला पॉवर घ्यायची आहे. साधा बेंच सप्लाय करंट देतो, गिळत नाही. बाहेरून रेटा आला की तो हात वर करतो आणि टोकाचं व्होल्टेज वर जातं. उपाय स्वस्त आहे: सप्लायच्या दोन टोकांमध्ये २ किलोओहमचा रेझिस्टर लावा. ६ व्होल्टला तो ३ मिलिअँपिअर घेतो, त्यातले २ सर्किटकडून येतात आणि १ सप्लायला द्यावा लागतो. सप्लाय पुन्हा आपल्या कामाला लागतो आणि मीटरवर ६ दिसतात.

राहिला उपयोग. स्विच टाकल्याच्या क्षणी कपॅसिटरच्या जागी आपण त्याच्या व्होल्टेजचा सोर्स आणि इंडक्टरच्या जागी करंट सोर्स लावतो, ते याच थिअरमवर. तिथे उत्तर आधी माहीत असतं, कारण कपॅसिटरचं व्होल्टेज आणि इंडक्टरचा करंट क्षणात उडी मारत नाहीत. आणि ज्या थेवेनिनचा लहान भाऊ म्हणून याला हिणवलं, त्याची सिद्धताच याच्यापासून सुरू होते. लोडमधून जाणारा करंट i माना, किती ते माहीत नसलं तरी चालेल. लोडच्या जागी i चा करंट सोर्स लावा. लोड कितीही वक्र असो, तो आता सर्किटमधून गेला. मागे फक्त लिनियर भाग आणि सोर्स राहिले, आणि सुपरपोझिशन लावायला मोकळीक मिळाली. आतल्या सोर्सचा वाटा १८ व्होल्ट, करंट सोर्सचा वाटा वजा ६ गुणिले i. म्हणून v = १८ − ६i. i च्या जागी २ घाला, B वर ६ व्होल्ट मिळतात. वरच्या वक्र घटकासाठी (१८ − v)/६ लिहिलं, तेही याच ओळीतून आलं होतं.