“दर तासाला ब्रेक म्हणजे काम अर्ध्यावर” म्हणणाऱ्यांसाठी

“उन्हात काम करणाऱ्यांना उन्हाची सवय असते. दुपारी 12 ते 3 बंद ठेवा, बाकी वेळ सलग काम करू द्या, तहान लागली की पितातच पाणी. दर तासाला ब्रेक दिले तर काम अर्ध्यावर येतं.”

आधी सवयीचं बोलू. सवय होते हे खरंय, पण ती अंगात यायला एक-दोन आठवडे लागतात, मग घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं, तेवढ्याच कामाला छाती कमी धडधडते. आणि माणूस आठवडाभर घरी बसला की ती उतरायलाही लागते. अमेरिकेतली ओशा ही सरकारी यंत्रणा सांगते की उष्णतेमुळे कामावर होणाऱ्या मृत्यूंतले जवळपास अर्धे कामाच्या पहिल्याच दिवशी होतात. म्हणून नवीन माणसाला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या वेळेच्या 20 टक्केच काम द्यायचं आणि रोज फार तर 20 टक्के वाढवायचं. जुनाच माणूस सुट्टीवरून आला असेल तर 50, 60, 80 आणि चौथ्या दिवशी पूर्ण. हजेरीच्या वहीत नावापुढे हा आकडा लिहून ठेवला तर मुकादमाला लक्षात ठेवत बसावं लागत नाही.

आता 12 ते 3. घड्याळ बघून काम बंद करण्यात मोठी गफलत आहे कारण अंग तापतं ते नुसत्या बाहेरच्या उन्हाने नाही, राबणारे स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात त्यातली पाव-एक भागच कामी येते आणि बाकी सगळी उष्णता होऊन अंगातच राहते, ती उन्हात मुख्यतः घाम वाळला तरच बाहेर पडते आणि हवा दमट असेल तर घाम नीट वाळत नाही. त्यामुळे सकाळी 10 वाजताही खोदकाम करणारा माणूस धोक्यात असू शकतो. मोजायचं असेल तर डब्ल्यूबीजीटी हे उष्णतेचं माप घ्या, त्यात हवेचं तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा सगळं येतं. फोनवरच्या तापमानाशी त्याची गल्लत करू नका, या मापावर 30 अंश सेल्सिअस म्हणजे फारच कडक.

एक उदाहरण करून बघू. खोदकामाची टोळी, सगळे सवय झालेले, साधे सुती कपडे. पहाटे 5:30 ला सुरुवात. 8:30 पर्यंत माप 27.5 च्या खाली असेल तर तासात 45 मिनिटं काम, 15 मिनिटं सावली. पुढे 29 पर्यंत 30-30. 30.5 पर्यंत गेलं की खोदकाम तासात जेमतेम 15 मिनिटं, आणि त्याच्या वर खोदकाम बंदच. पण त्याच 30.5 ला बसून करायचं हलकं काम, हत्यारं साफ करणं, मोजमाप लिहिणं, तासातला बराच वेळ चालतं! म्हणजे जड काम पहाटे उरकून हलकं मागे ठेवलं की दिवस वाया जात नाही, 11 ला सुट्टी केली तरी. (हे आकडे कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एसीजीआयएच या अमेरिकी संस्थेच्या मर्यादांवरून घेतलेत. सवय नसलेल्याला किंवा जाड, बंद कपडे घालणाऱ्याला ते लागू नाहीत.)

आणि ब्रेक छोटे पण वारंवार हवेत. सलग तीन तास राबून मग तासभर बसलं तर त्या तीन तासांत अंग तापत तापत कुठवर गेलं ते आधीच घडून गेलेलं असतं.

तहानेवर सोडणं पण चुकीचं, कामाच्या नादात तहान उशिरा जाणवते. दर 15-20 मिनिटांनी एक कप, साधारण पाव लिटर, आणि तासाला दीड लिटरच्या वर नाही, कारण पाणी अतीच झालं तर रक्तातलं सोडियम घसरतं. पण पाण्याने विश्रांतीची भरपाई होत नाही. पाणी पीत पीतही उष्माघात होतो. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागला तर घाम येतोय की नाही ते बघत बसू नका, लगेच गार पाण्यात बुडवा किंवा अंगावर पाणी ओतत राहा आणि अँब्युलन्स बोलवा.

राहिलं काम अर्ध्यावर येण्याचं. मध्य अमेरिकेतल्या एल साल्व्हादोर देशात ऊसतोड कामगारांना पाणी, हलवता येणारी सावली आणि ठरलेली विश्रांती दिली तेव्हा माणशी रोजची तोड 5.1 टनांवरून 7.3 टनांवर गेली. त्यांना चांगले कोयतेही दिले होते, त्यामुळे सगळं श्रेय विश्रांतीचं नाही, पण काम अर्ध्यावर काही आलं नाही. नुसता ब्रेक जाहीर करून मात्र भागत नाही, जिथे नगावर किंवा टनावर पैसे मिळतात तिथे माणूस स्वतःहून बसणारच नाही, प्रत्येक बसलेलं मिनिट त्याच्या खिशातून जातं. म्हणून ब्रेकची मिनिटं मजुरीत धरा आणि शिट्टी वाजली की मुकादमासकट सगळ्यांनी एकदमच सावलीत जायचं.