दर आठवड्याच्या मीटिंगमधून आपलं नाव काढून घ्यायचं असेल तर

आमच्या बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे साइडला एक गोष्ट लोकांच्या डोक्यात पक्की बसलीय की मीटिंगला खुर्चीवर दिसला तर माणूस कामात आहे, आणि मीटिंग नको म्हणाला तर त्याचं लक्ष उडालं, दुसरीकडं नोकरी शोधतोय, नाहीतर साहेबावर रुसलाय. त्यामुळं काम संपून महिने झाले तरी लोक त्या मीटिंगला येऊन बसतात, वही उघडतात आणि तासभर मोबाइल बघून परत जातात. मला हे बरोबर वाटत नाही. आणि यातून नीट बाहेर पडता येतं, कुणाला न दुखावता, स्वतःचं नाव न घालवता, हे मी करून बघितलंय म्हणून सविस्तर लिहितेय.

मी फाउंड्रीत मेथड्सला आहे. म्हणजे कास्टिंगला गेटिंग, म्हणजे साच्यात धातू आत जायची वाट, कशी द्यायची, धातू थंड होताना आकसतो तेव्हा जादा धातू पुरवणारा रायझर कुठं आणि केवढा बसवायचा, जाड भाग लवकर थंड करणारी चिल लावायची का नाही, हे ठरवायचं काम. आमच्याकडं एका पंप हाउसिंगचं नवीन डेव्हलपमेंट आलं तेव्हा त्याच्या बॉसच्या, म्हणजे पीसवरच्या जाड फुगवट्याच्या आत श्रिंकेज यायला लागलं. वरून पीस एकदम चांगला दिसतो, मशीनिंगला बोअर मारला की आत पोकळ, आणि तिथं सुटला तर प्रेशर टेस्टला पाणी गळतंय. तेव्हा प्रोडक्शन हेड सरांनी दर आठवड्याला रिजेक्शन मीटिंग चालू केली, मोल्डिंग, मेल्टिंग, पीस घासून साफ करणारे फेटलिंगवाले, क्वालिटी आणि मेथड्स, सगळ्यांना इन्व्हाइट. त्या वेळी माझी तिथं खरंच गरज होती, कारण प्रत्येक वेळी प्रश्न एकच असायचा, रायझर बदलूया का, आणि उत्तर मलाच द्यायचं असायचं.

पुढं रायझरची जागा बदलली, बॉसला चिल लावली, लॉट कापून बघितले, आत साफ निघाले, कस्टमरचं अप्रूव्हल आलं. मीटिंग मात्र चालूच राहिली, आणि राहायलाच पाहिजे, कारण रिजेक्शन शून्य कधी होत नाही. पण आता जे पीस जात होते ते सँड इन्क्लुजनमुळं म्हणजे आत वाळू अडकून, मिसमॅचमुळं म्हणजे साच्याचे दोन भाग नीट न जुळून, नाहीतर फेटलिंगला ग्राइंडर जास्त लागून. ही सगळी मोल्डिंग आणि फेटलिंगची कामं, त्यात मी काय बोलणार?

आता तुमची गरज संपलीय हे ओळखायचं कसं, तर कंटाळा आला हे माप धरू नका, कंटाळा गरजेच्या मीटिंगमध्येसुद्धा येतो. मीटिंगचे जुने मिनिट्स, म्हणजे काय बोलणं झालं आणि काय ठरलं त्याची नोंद, काढून बसा. मी तेच केलं. मागच्या तीन महिन्यांचे मिनिट्स समोर ठेवले आणि दोनच गोष्टी शोधल्या, माझ्या नावापुढं कुठलं काम लिहिलंय का, आणि माझ्या बोलण्यानं एखादा निर्णय बदललाय का. काम एकच होतं, तेही ड्रॉइंगची नवी कॉपी शॉपवर देणं, जे कुणीही करू शकतं. निर्णय एकही नाही. हे कागदावर दिसल्यावर आपल्यालाच खात्री होते, आणि पुढं बोलताना "मला वाटतंय" असं म्हणायची वेळ येत नाही, मिनिट्स दाखवता येतात. उलट एखाद्या महिन्यातसुद्धा तुमच्या बोलण्यानं काहीतरी थांबलं असेल, तर तिथं तुमची जागा अजून आहे असं समजा आणि गप जाऊन बसा.

मग बोलायचं कुणाशी? लोक इथं गडबड करतात. कोण कॅलेंडरवर सरळ डिक्लाइन दाबतंय, कोण मीटिंग चालू असतानाच सगळ्यांसमोर "सर मी नाही आलो तर चालेल का" विचारतंय, कोण काही न बोलता हळूहळू उशिरा यायला लागतंय. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट बघा. आधी दहा मिनिटं उशीर, मग एक आठवडा आड, मग कस्टमर व्हिजिटचं कारण. ज्यानं मीटिंग लावलीय त्याला हे सगळं दिसत असतं, तो तोंडानं बोलत नाही, पण लक्षात ठेवतो. ज्या "लक्ष नाही" या शिक्क्याला आपण भितो तो या गळतीनं लागतो, विचारल्यानं लागत नाही.

मी आधी माझ्या मॅनेजरना सांगितलं, कारण त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळलं असतं तर ते बरं दिसलं नसतं. त्यांची हरकत नव्हती. मग प्रोडक्शन हेड सरांकडं गेले, शिफ्ट चेंजनंतर ते जरा निवांत असतात तेव्हा, केबिनमध्ये एकटे असताना. सर मूळचे बैलहोंगलचे, घरात कन्नड, आमच्याशी बोलताना अर्धं मराठी अर्धं हिंदी. मी म्हटलं, सर, हाउसिंगच्या श्रिंकेजसाठी तुम्ही मला या मीटिंगला घेतलं होतं, ते काम झालंय, आता जे रिजेक्शन येतंय त्यात माझ्याकडचं काही नाही, मी मिनिट्स बघून आलेय. सरांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "और वो फिर से आया तो?"

हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण सगळं इथंच अडतंय. आपल्याला वाटतं साहेबाला आपण समोर बसलेलं पाहिजे असतं. त्यांना खरं म्हणजे भीती असते की उद्या तोच प्रॉब्लेम परत आला आणि मेथड्सवाले म्हणाले आम्ही मीटिंगमध्ये नव्हतो, तर जबाबदारी कुणाची. या भीतीचं उत्तर तयार करून गेलात तर काम होतं. "लागलं तर बोलवा सर" हे उत्तर नाही, कारण कधी लागलं हे ओळखायचं काम त्यात परत त्यांच्याच डोक्यावर येतंय.

म्हणून मी परत यायच्या खुणा लिहूनच नेल्या होत्या. त्याच बॉसमध्ये एका लॉटात दोन पीस जरी श्रिंकेजचे निघाले तरी मी त्याच दिवशी शॉपवर. रायझर स्लीव्हचा सप्लायर बदलला तर ट्रायलच्या आधी मला कळवायचं. पॅटर्नला हात लावला, चिलची साइज बदलली, किंवा पोअरिंग टेंपरेचरची ठरलेली रेंज हलवली, तरी आधी मला कळवायचं. कारण श्रिंकेज परत येतंय ते बहुतेक असंच काहीतरी गुपचूप बदलल्यावर येतंय, आणि ते आठवड्याच्या मीटिंगमध्ये कळेपर्यंत दोन-तीन लॉट ओतून झालेले असतात. म्हणजे मी मीटिंगमध्ये बसण्यापेक्षा या खुणा क्वालिटीच्या माणसाकडं असणं जास्त कामाचं. क्वालिटीच्या अण्णांशी मी आधीच बोलून ठेवलेलं, त्यांनी ते स्वतःच्या रोजच्या इन्स्पेक्शन शीटवर वरच लिहून घेतलं. दुसऱ्याच्या डोक्यावर काम टाकताना त्याला आधी विचारायला पाहिजे, नाहीतर आपण सुटलो आणि तो अडकला असं होतंय.

सर दोन मिनिटं कागद बघत बसले, मग म्हणाले एक महिना करून बघूया. मी लगेच हो म्हटलं. एक महिन्याची ट्रायल मागितली की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातंय, कायमचं काही तुटत नाही.

त्याच संध्याकाळी मेल टाकला, मॅनेजर आणि अण्णा कॉपीत. इंग्लिशमध्ये होता, मराठीत असा होईल: "सर, आज ठरल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यापासून मी रिजेक्शन मीटिंगला येणार नाही. हाउसिंगच्या श्रिंकेजचं काम पूर्ण झालंय. पुढं काही आढळलं तर क्वालिटी मला त्याच दिवशी कळवेल, कुठल्या गोष्टींवर कळवायचं ते खाली दिलंय. मिनिट्स मला येत राहू द्यात, मी वाचेन. एक महिन्यानं परत बघूया." खाली त्या खुणा. बस एवढंच. माफी नाही, खूप कामं आहेत हे रडगाणं नाही. मला वेळ नाही असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं आमची मीटिंग हिला फालतू वाटते, आणि ज्यानं ती उभी केलीय त्याला ते लागतं.

आणि एक, मीटिंगच्या बदल्यात दर आठवड्याला रिपोर्ट पाठवते असं कबूल करू नका. भिडेपोटी लोक हे बोलून जातात आणि मग तासाच्या मीटिंगऐवजी दोन तासाचा रिपोर्ट गळ्यात पडतो, आणि एक आठवडा चुकला की लगेच "बघा, लक्ष नाही". मिनिट्स वाचायचे, कुठं आपल्या विषयाचं काही दिसलं तर त्यावर एक ओळ उत्तर द्यायचं. तुमचं लक्ष आहे हे त्या एका ओळीतून दिसतंय, आणि तेवढं मात्र मनापासून करायचं. महिन्याभरात मी अशी एकदाच ओळ लिहिली, एका पीसला सँड इन्क्लुजन लिहिलेलं पण फोटोत मला खड्डा वेगळा वाटला म्हणून कापून बघायला सांगितलं. सँडच निघाली, पण सरांना कळलं की मी वाचतेय.

कॅलेंडरचं पण सांगते, कारण यात झालेलं काम बिघडतंय. गूगल कॅलेंडरवर स्वतः इव्हेंट डिलीट करू नका, ज्यानं लावलीय त्यालाच तुमचं नाव काढायला सांगा, आणि काढताना `This and following events` निवडायला सांगा. `All events` निवडलं तर मागच्या मीटिंगाही तुमच्या कॅलेंडरवरून जातील, आणि कधी काय झालं हे शोधायला त्याच जुन्या नोंदी लागतात. सरांना नाव पूर्ण काढायला जीवावर येत असेल तर ऑप्शनल करा म्हणा, तेही चालतंय. आणि मीटिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मात्र लगेच बाहेर पडू नका. आता बाहेर पडल्याचं नोटिफिकेशन फक्त अॅडमिनला जातं, पण नाव यादीत नाही हे बाकीच्यांनाही कळतं आणि ज्यांना यातलं काही माहीत नाही ते वेगळाच अर्थ काढतात. म्यूट करून राहा.

हे सगळं आतल्या मीटिंगचं झालं. कस्टमरबरोबरचा कॉल असेल तर मी असं करायला सांगणार नाही. पुण्याचा कस्टमर दर आठवड्याला स्क्रीनवर तुमचा चेहरा बघतोय आणि एक दिवस तो चेहरा नाही, तर त्याला वाटतं कंपनीनं माझ्या पार्टवरून माणूस काढला. तिथं आधी बदली माणूस दोन-तीन कॉल सोबत घेऊन बसायचं, प्रश्न त्याच्याकडं वळवायचे, कस्टमर आपणहून त्याला विचारायला लागला की मग निघायचं. आणि नोकरीला नुकतेच लागला असाल तर अजून थोडे दिवस बसा, कारण रायझरचं गणित कॉलेजात शिकवतात पण मोल्डिंगवाला आणि मेल्टिंगवाला एकमेकांवर कसं ढकलतात आणि शेवटी सर त्यातनं खरं काय ते कसं काढतात, हे त्या खोलीत बसल्याशिवाय कळत नाही.

महिना झाल्यावर मीच सरांकडं गेले, ते बोलवायची वाट बघितली नाही. सर म्हणाले ठीक आहे, असंच चालू दे, आणि मेल्टिंगच्या माणसाला पण विचारतो म्हणाले.

तुमच्याकडं कसं करतात ते लिहा, विशेषतः हत्तरगी साइडला एअरोस्पेसमध्ये असणाऱ्यांनी, तिकडं मिनिट्स आणि अप्रूव्हलचं प्रकरण आमच्यापेक्षा कडक असतंय, तिथं असं नाव काढून घेता येतं का मला खरंच जाणून घ्यायचंय.