लिलाव व्हायच्या आधीच 'आजचा भाव'?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. ज्यांच्या घरी शेतीचा संबंध फक्त भाजीच्या पिशवीपुरता उरलाय त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करा.

आमचे मामाजी आज अठरा क्विंटल सोयाबीन घेऊन नागपूरच्या कळमना मार्केटला आले. खरं तर त्यांचं मार्केट तालुक्याचं. तिथे ट्रॅक्टर घरचा, अडत्या ओळखीचा, दुपारी जेवायला घरी. पण पहाटे पाचला उठून त्यांनी मोबाइलवर शेतकऱ्यांसाठीचं एक ॲप उघडलं. नाव घेत नाही, बरेच लोक वापरतात. त्यात हिरव्या पट्टीवर लिहिलं होतं 'आजचा भाव', आणि कळमन्याचं सोयाबीन तालुक्यापेक्षा क्विंटलमागे अडीचशेनं वर. अठरा गुणिले अडीचशे, साडेचार हजार. छोट्या टेम्पोचं भाडं सव्वीसशे. उरतात एकोणीसशे. मामाजी सातवी शिकलेत, पण हा हिशोब त्यांनी चहा व्हायच्या आत केला. हिशोबात काडीची चूक नाही.

चूक त्या हिरव्या पट्टीत होती. कळमन्यात आज भाव तालुक्यापेक्षा पन्नासनं खाली होता.

आता मला सांगा, पहाटे पाच वाजता 'आजचा भाव' येतोच कुठून? यार्डात ढीग लागायचे आहेत, लिलाव व्हायचा आहे, काट्यावर एक कट्टासुद्धा चढलेला नाही. आजचा भाव अजून जन्मालाच आलेला नाही! एवढी साधी गोष्ट त्या पट्टीचा रंग निवडणाऱ्याच्या डोक्यात येऊ नये?

मी स्वतः पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरचंच काम करतो, म्हणून जरा खोलात सांगतो. अशा ॲपांमधले बरेच आकडे येतात सरकारच्या data.gov.in वरून. बाजार समित्या दिवसभराची आवक आणि भाव Agmarknet या सरकारी पोर्टलवर भरतात, तिथून ते या फीडमध्ये येतात. कुणीही नोंदणी करून API key घ्यावी आणि फुकट आकडे ओढावेत. झकास सोय आहे, मनापासून म्हणतोय. एका ओळीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, प्रत, तारीख आणि मग तीन भाव असतात: min_price, max_price, modal_price. सगळे रुपये प्रति क्विंटल. तारखेच्या रकान्याचं नाव arrival_date, म्हणजे माल ज्या दिवशी बाजारात आला तो दिवस. तुमच्या सर्व्हरनं ओळ ओढली तो दिवस नव्हे, शेतकऱ्यानं ॲप उघडलं तो तर नव्हेच नव्हे.

या फीडमध्ये फक्त चालू भाव राहतात, जुन्या ओळी निघून जातात. त्यामुळे ॲपवाल्याला रोज ओळी ओढून स्वतःच्या डेटाबेसमध्ये साठवाव्या लागतात आणि प्रत्येक बाजाराची 'सगळ्यात ताजी' ओळ शोधून दाखवावी लागते. मामाजींचे पैसे या 'सगळ्यात ताजी'मध्ये गेले.

दुपारी मामाजी जेवायला आमच्या घरी आले तेव्हा मी ते ॲप नीट चाळून बघितलं. कळमन्याच्या सोयाबीनचा भाव राज्य कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवरच्या मागच्या तारखांशी ताडून पाहिला. एका तारखेशी बरोबर जुळला: ३१ ऑक्टोबर. आज १० नोव्हेंबर! मग तूर बघितली, हरभरा बघितला. ज्या ज्या बाजारात ३१ तारखेला नोंद होती, तो तो बाजार तिथेच थिजलेला. आणि मामाजींच्या तालुक्याचा भाव? तो ७ नोव्हेंबरचा. त्या बाजाराच्या ऑक्टोबरच्या ओळी ॲपकडे बहुतेक नव्हत्याच, म्हणून तो बिचारा पुढे सरकला. म्हणजे एकाच स्क्रीनवर, एकाच 'आजचा भाव' पट्टीखाली, एक भाव मागच्या आठवड्याचा आणि एक मागच्या महिन्याचा. आणि दोन्हीची वजाबाकी करून माणूस टेम्पो ठरवतोय.

त्यांचा कोड मी पाहिलेला नाही. पण हे लक्षण ओळखीचं आहे. फीडमधली तारीख आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशी येते. ती तारीख म्हणून न साठवता नुसता मजकूर म्हणून साठवली, की कॉम्प्युटर डावीकडून एकेक अक्षर बघून मोठं कोण ते ठरवतो. मग हे असं होतं:

```
"31/10/2025" > "10/11/2025"   # True
```

तीनाचा आकडा एकापेक्षा मोठा, संपला विषय, महिना बघायची वेळच येत नाही. आता गंमत बघा. नोव्हेंबरला ३१ तारीखच नाही. म्हणजे अख्खा नोव्हेंबर गेला तरी ती ऑक्टोबरची ओळ वरून हलणार नाही. डिसेंबरच्या ३१ ला जर बाजार भरला, तर त्या दिवशी एकदाचा ताजा भाव दिसेल आणि मग पुन्हा तिथेच मुक्काम. आणि सोयाबीनचा हंगाम नेमका कधी असतो? हेच दोन महिने.

इलाज एका ओळीचा आहे. आत घेतानाच %d/%m/%Y असं सांगून तारीख वाचायची आणि 2025-11-10 अशी, वर्ष आधी, साठवायची. बास. (उलटाही घोळ होतो: अमेरिकी पद्धतीनं महिना आधी वाचला तर १० नोव्हेंबरचा ११ ऑक्टोबर होतो. तो मात्र तेराव्या तारखेला उघडा पडतो, कारण तेरावा महिना नसतो. मजकुराचा घोळ असा उघडा पडत नाही, कुठेही एरर येत नाही, सगळं हिरवंगार दिसतं.)

"पण मोबाइलवर त आज लिहून होतं ना बाप्पा," मामाजी पोळी मोडता मोडता म्हणाले. "आज म्हणजे आज नाही का?"

यावर मी काय बोलणार होतो? मजकूर आणि तारखेतला फरक समजावणार होतो का?

आता कुणीतरी कमेंटमध्ये म्हणेलच, की ॲप फुकट आहे, फुकटच्या गोष्टीला नावं कशाला ठेवायची. बरं, आहे फुकट. आणि हेही खरं, की समितीकडून आकडे उशिरा भरले गेले तर ॲपवाला काय करेल? काही करू शकत नाही. पण मग तसं लिहा की! 'कळमना, शुक्रवार ७ नोव्हेंबरचा भाव' एवढं लिहायला किती जागा लागते? रविवारी, सणाला, संपात ओळ येत नाही. ओळ आली नाही याचा अर्थ भाव शून्य नाही आणि कालचाच भाव आजही आहे असाही नाही. अर्थ एवढाच, की नोंद नाही. 'आज नोंद नाही, शेवटची नोंद अमुक तारखेची' असं वाचून मामाजींनी तालुक्याच्या अडत्याला एक फोन लावला असता. सातवी शिकलेल्या माणसाला जुना भाव म्हणजे काय हे चांगलं कळतं, फक्त तो जुना आहे हे त्याला कुणी सांगितलं पाहिजे.

आणखी एक. मामाजींना कळमन्याच्या आजच्या भावापेक्षाही थोडं कमीच मिळालं. त्याला मात्र ॲप जबाबदार नाही, हे कबूल करतो. काढणीच्या वेळी पाऊस झाला, माल थोडा ओला होता. सरकारी खरेदीत बारा टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, आणि खुल्या लिलावात व्यापारी दोन-चार दाणे दाताखाली धरून तेच मोजतो आणि भाव पाडतो. ॲपमध्ये दिसतो तो modal_price, आपल्याकडे ज्याला सर्वसाधारण दर म्हणतात तो. ज्या भावानं त्या दिवशी सगळ्यात जास्त माल गेला तो भाव. किमान आणि कमाल यांच्या मधोमधचा तो नसतो. समजा कमाल भाव एकाच शेतकऱ्याच्या कोरड्या, चाळलेल्या ढिगाला मिळाला आणि बाकी सगळा माल किमानच्या आसपास गेला, तर सर्वसाधारण दर किमानला चिकटून बसतो. म्हणून तिन्ही आकडे दाखवायला पाहिजेत. काही ॲपं कमाल तेवढा ठळक दाखवतात, कारण तो बघायला छान वाटतो. त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. वाण आणि प्रतही फीडमध्ये असते, ती गाळून सगळ्यांची सरासरी काढणाऱ्यांनाही तोच.

लिहिता लिहिता जरा शांत झालोय. हे ॲप काही कुण्या मोठ्या कंपनीनं बनवलेलं दिसत नाही. दोन-चार पोट्टे असतील, कॉलेजातून नुकतेच निघालेले, गावाकडचेच असतील कदाचित. मराठी नीट आहे, अक्षरं मोठी आहेत, नेट कमी असलं तरी उघडतं. मेहनत दिसते. त्यांनी हे ऑक्टोबरमध्ये तपासलं असेल तेव्हा पहिल्यापासून एकतीसपर्यंत सगळं बरोबर चाललं असेल. महिना बदलल्यावर परत उघडून बघणं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, एवढंच.

पण नाही, एवढंच नाही. कारण ती पट्टी. तारीख चुकणं मी समजू शकतो, तारीख लपवणं नाही. त्या पट्टीवर तारीख छापलेली असती तर त्यांचा घोळ पहिल्याच आठवड्यात कुठल्यातरी शेतकऱ्यानं पकडून दिला असता. फुकटात. 'आज' हा शब्द त्यांनी डिझाइनमध्येच टाइप करून टाकलाय, arrival_date शी त्याचा काही संबंधच नाही. आणि सव्वीसशे रुपये भाडं मामाजींच्या खिशातून गेलं, हमाली-तोलाई वेगळी.

संध्याकाळी ॲपवाल्यांना मेल केला आहे. ३१ ऑक्टोबरचा भाव आणि पणन मंडळाच्या साइटवरचा भाव, दोन्हींचे स्क्रीनशॉट जोडलेत, वरचा इलाजही लिहिलाय. आणखी दोन गोष्टी सांगितल्या. सकाळी एकदाच फीड ओढू नका, समित्या आपापल्या वेळेनं आकडे भरतात, त्यामुळे दुपारी, संध्याकाळी आणि रात्री परत ओढा. आणि फीडच्या उत्तरात total म्हणून जो आकडा येतो तेवढ्या ओळी खरंच हातात आल्या का ते मोजा, कारण किती ओळी हव्यात ते limit मध्ये सांगितलं नाही तर दहाच ओळी येतात आणि उरलेले बाजार गुपचूप गळतात.

तुमच्यापैकी ज्यांच्या गावी कापूस, तूर, संत्रा निघतोय त्यांनी आज रात्री घरच्यांच्या मोबाइलमध्ये एवढं बघा: भावाशेजारी तारीख दिसते का? दिसत नसेल तर निघायच्या आधी अडत्याला फोन करायला सांगा. मेलला उत्तर आलं तर खाली कमेंटमध्ये टाकतो.