आरसीवर सीएनजी चढलं, म्हणून पॉलिसीत चढलं असं होत नाही

बाहेरून सीएनजी किट बसवलं तर विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेम नाकारला जाऊ शकतो, असं लिहिल्यावर आलेली वाचकाची प्रतिक्रिया: "साहेब, उगाच लोकांना घाबरवू नका. माझ्या गाडीच्या आरसीवर सीएनजीची नोंद आहे, म्हणजे सरकारला माहीत आहे. मग विमा कंपनीला वेगळं कशाला सांगायचं? वर जास्त पैसे भरायचे ते वेगळेच. क्लेम नाकारायचा तर ते कशावरूनही नाकारतात. एजंटही हेच म्हणाला."

नमस्कार. आरसीची नोंद करून घेतलीत हे उत्तमच, कारण पुष्कळ जण तेही करत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार ती लागतेच. पण ती नोंद आरटीओच्या दप्तरात होते. विमा कंपनी तुमची आरसी रोज उघडून बघत नाही, ती बघते क्लेमच्या वेळी, सर्व्हेअर आल्यावर. तेव्हा आरसीवर PETROL/CNG आणि पॉलिसीवर नुसतं PETROL दिसलं, की तुमचा भक्कम पुरावाच तुमच्या विरोधात जातो. गाडीतला बदल तुम्हाला माहीत होता आणि तुम्ही कळवला नाहीत, हे सिद्ध करायला त्यांना आणखी काही लागत नाही.

आता पैशांचं. बाहेरून बसवलेल्या किटला किटच्या किमतीच्या 4 टक्के आणि थर्ड पार्टीसाठी 60 रुपये, हा जुन्या टॅरिफचा हिशोब. बहुतेक ठिकाणी आजही आकडा याच्याच आसपास येतो. समजा पॉलिसी एप्रिलमध्ये सुरू झाली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला 60,000 चं किट बसवलं. वर्षाचे 2,400 अधिक 60, म्हणजे 2,460. उरलेल्या आठ महिन्यांचे 1,640 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून साधारण 1,935 रुपये. गॅस भरून पेट्रोलचे जे पैसे वाचतात, त्यापुढे ही रक्कम काय आहे?

यासाठी करायचं इतकंच. किट बसवलं त्याच दिवशी कंपनीला मेल टाकायचा, सोबत बिल आणि फिटरचं प्रमाणपत्र जोडायचं. आरसी बदलून आली की तिची प्रत पाठवायची. ते गाडी तपासायला माणूस पाठवतील किंवा फोटो मागतील, मग पैसे भरून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदल नोंदल्याचा कागद, मिळतो. तो कागद हाती येईपर्यंत काम झालं असं समजू नका. फोनवर "हो, नोंद केली" असं कुणी म्हणालं, त्याला कागदाची किंमत नाही.

क्लेम कशावरूनही नाकारतात, या तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. उभ्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं, तर त्यात किटचा काय दोष? अशा वेळी पूर्ण क्लेम नाकारला तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते, आणि बाजू मांडायला जागा असते. पण आग लागली, आणि ती सिलिंडरच्या किंवा गॅसच्या नळीच्या बाजूने, तर भांडायला फारसं काही उरत नाही. आणि किटची किंमत तर दोन्ही वेळा बुडालीच, कारण तिचा विमाच नव्हता.

खरी गडबड मात्र रिन्यूअलला होते, आणि एजंट नेमकं हेच सांगत नाहीत. वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला की मॉडेल आपोआप येतं. आपल्या गाडीत सीएनजी आहे म्हणून माणूस यादीतला सीएनजी व्हेरियंट निवडतो. तो कंपनीतून किट बसूनच येतो आणि किटची किंमत त्याच्या आयडीव्हीत, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीत, आधीच धरलेली असते. तुमची गाडी पेट्रोल व्हेरियंटची, किट बाहेरचं. म्हणजे पॉलिसीवर मॉडेलच चुकलं. तुम्ही पेट्रोल व्हेरियंटच ठेवायचा आणि "बाहेरून बसवलेलं सीएनजी किट" हा पर्याय घेऊन किंमत टाकायची. किंमतही दरवर्षी जुन्या बिलाचीच नको, गाडीसारखा घसारा तिलाही लागतो. दोन वर्षं पूर्ण झालेल्या किटला 30 टक्के वजा केले, तर 60,000 चे 42,000 होतात. उलट, कंपनी-फिटेड गाडीवाल्याने किट वेगळं दाखवलं तर तो त्याच किटचे दोनदा पैसे भरतो.

म्युझिक सिस्टिमचं तत्त्व हेच. कंपनीने दिलेली आयडीव्हीत असते. नंतर बसवलेला अॅम्प्लिफायर किंवा स्क्रीन "इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीज"मध्ये जाते, सीट कव्हर किंवा अलॉय व्हील "नॉन-इलेक्ट्रिकल"मध्ये. बिलं जपून ठेवा. दोन हजारांच्या स्पीकरसाठी कुणी धावपळ करू नये, पण तीस-चाळीस हजारांची सिस्टिम असेल तर दाखवाच.

तुमच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर आयडीव्हीच्या रांगेत सीएनजी किटचा वेगळा रकाना असेल. तिथे शून्य दिसलं, तर एजंटला फोन न करता थेट कंपनीला मेल करा.