खुलासा: शाळेवरचा वीजरोधक शेताला वाचवत नाही

"शाळेवर वीजरोधक बसवला आहे. आजूबाजूच्या एक किलोमीटरमधली वीज तो ओढून घेतो. आता गडगडाटातही शेतात बिनधास्त काम करा."

हा मेसेज कालपासून गावच्या ग्रुपवर फिरतोय. मी वायरमन आहे, अर्थिंगची कामं करतो. ही माहिती चुकीची आहे आणि त्यावर विसंबून कुणाचा तरी जीव जाईल, म्हणून लिहितोय.

वीजरोधक लांबची वीज ओढत नाही. इमारतीवर पडणारी वीज तो टोकावर झेलतो आणि भिंतीवरच्या जाड पट्टीतून जमिनीत उतरवतो, बस्स. त्याचं संरक्षण ढोबळमानाने उंचीइतक्याच अंतरापर्यंत धरायचं. टोक १० मीटर उंच, तर पायथ्यापासून साधारण १० मीटर. तुमचा बांध त्यापलीकडे आहे. आणि त्या पट्टीला टेकून उभं राहणं तर फारच धोक्याचं. वीज उतरते तेव्हा तिथली जमीनही काही क्षण भारलेली असते.

पट्टी वरपासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत सलग आहे का, हे एकदा डोळ्यांनी बघा. एका ठिकाणी मला ती जमिनीपासून हातभर वर कापलेली दिसली. तांब्यासाठी कुणीतरी नेली होती.

गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा पत्र्याचं छप्पर असलेल्या बंद गाडीत जा. झाडाखाली, मोटारसायकलवर नको. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. घरात टीव्हीचा प्लग आधीच काढून ठेवा, वीजरोधक असला तरी लाट तारेतून येते.

तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.